चार महिने चालू असलेली जाहिरात: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ताडोब्याच्या आसपास रिसॉर्ट आणि होमस्टे चालवणाऱ्यांमध्ये सध्या एक वाक्य फार फिरतंय. “भाऊ, त्यायची जाहिरात चार महिन्यांपासून चालू आहे, म्हणजे पैसा येऊनच राहिला न! आपणही तशीच टाकू.” बल्लारपुरात बसून अशा लोकांच्या जाहिराती करून देणं हे माझं काम. त्यामुळे हे वाक्य मोहर्लीवाल्यांकडूनही ऐकावं लागतं आणि कोलाऱ्यावाल्यांकडूनही. कोचिंग क्लासवाले आणि सागवानी फर्निचरवाले तरी कुठे मागे आहेत! वाक्य पूर्ण खोटं असतं तर एकदाच खोडून टाकता आलं असतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून जात नाही.

आधी हे चार महिने दिसतात कुठे, ते पाहू. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीने जाहिरातींचं एक सार्वजनिक दालन ठेवलंय, facebook.com/ads/library या पत्त्यावर. २०१८ मध्ये ते राजकीय जाहिरातींपुरतं सुरू झालं आणि मार्च २०१९ पासून सगळ्या चालू जाहिरातींसाठी खुलं झालं. देश India निवडायचा, प्रकार All ads निवडायचा आणि शेजारच्या रिसॉर्टच्या पेजचं नाव टाकायचं. त्याच्या सगळ्या चालू जाहिराती समोर येतात. प्रत्येकीवर Library ID नावाचा एक क्रमांक असतो आणि Started running on असं लिहून पुढे तारीख असते. आपल्या मित्रांचा सगळा सिद्धांत या एका तारखेवर उभा आहे.

तारीख खरी असते, पण ती फक्त जाहिरात सुरू कधी झाली एवढंच सांगते. रोज किती रुपये लागले, किती जणांनी पाहिली, किती जणांनी खोली घेतली, यातलं काहीही भारतातल्या साध्या व्यापारी जाहिरातीखाली लिहिलेलं नसतं. खर्च आणि प्रेक्षकांचे ढोबळ आकडे दिसतात ते राजकीय आणि सामाजिक प्रश्नांवरच्या जाहिरातींचे. दिवसाला शंभर-दीडशे रुपयांवर लावून मालक विसरून गेलेली जाहिरात आणि दिवसाला दहा हजार ओतून चालवलेली जाहिरात, दोन्ही तिथे सारख्याच दिसतात. दुकानाचा दिवा रात्रभर जळतोय म्हणून आत गिऱ्हाईक आहे असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र शहाणी माणसंही तेच म्हणतात.

मग ‘जास्त दिवस चालते म्हणजे पैसे देते’ हा नियम आला कुठून? तो हवेतून आलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत टपालाने माल विकणारे व्यापारी वर्तमानपत्रात जाहिरात देताना खाली कापून पाठवायचं कुपन छापत आणि प्रत्येक कुपनावर खुणेचा आकडा टाकत. कुठल्या जाहिरातीमुळे किती ऑर्डरी आल्या हे त्यांना नेमकं कळे. क्लॉड हॉपकिन्सने १९२३ च्या ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात याच पद्धतीचा आग्रह धरला आहे. अशा मोजणाऱ्या व्यापाऱ्याने एकच जाहिरात पुन्हा पुन्हा छापली, तर ती पैसे देत होती असं मानायला हरकत नव्हती, कारण तोट्याची जाहिरात त्याने पुढच्या अंकात ठेवलीच नसती. थोडक्यात, नियम मोजणाऱ्याला लागू आहे. आपल्याकडे निम्मे लोक मोजतच नाहीत. फोन आला की “आम्हाला कुठून पाहिलं?” एवढंसुद्धा विचारत नाहीत.

म्हणून ‘किती दिवस चालली?’ या प्रश्नाच्या आधी ‘हा माणूस मोजतो का?’ हा प्रश्न विचारा. त्याचं उत्तर त्याच दालनात बऱ्यापैकी मिळतं. जाहिरातीवरचं बटण दाबलं की त्याची वेबसाइट उघडते. ब्राउझरमधला पत्ता शेवटपर्यंत वाचा. मोजणाऱ्याच्या पत्त्याला बहुतेकदा अशी शेपटी असते (हा नमुना मी बनवलेला आहे):

```
?utm_source=fb&utm_campaign=hyd_summer_2n3d
```

ही शेपटी त्याने स्वतःच्या हिशोबासाठी लावलेली असते. तिच्यावरून कळतं की हैदराबादकरांसाठी उन्हाळ्याची, दोन रात्री-तीन दिवसांची मोहीम वेगळी काढून तो तिचा निकाल वेगळा पाहतोय. ही माहिती दालन कधीच देत नाही. भारतात जाहिरात कोणत्या शहरात दाखवली जाते, हे तिथे दिसत नाही. भाषेची चाळणी लावून अंदाज तेवढा करता येतो. बल्लारशाच्या गाडीने किंवा रस्त्याने तेलंगणातून येणारा पर्यटक आपल्याकडे मोठा आहे, म्हणून तेलुगू लावून जरूर पाहा. उलट, बटण थेट व्हॉट्सॲपवर जात असेल, सगळं मिळून एकच बूस्ट केलेली पोस्ट असेल आणि तीही दिवाळीच्या शुभेच्छांची, जानेवारीत अजून चालू, तर तिथे कुणी मोजत नाही हे समजून पुढे जा. व्हॉट्सॲपवाले सगळेच बेहिशेबी असतात असं नाही, पण तिथे शेपटी दिसत नाही, तेव्हा इतर खुणा पाहाव्या लागतात.

आता या नियमाचा सगळ्यात वाईट वापर, ज्याने माझं डोकं खरंच फिरतं. ताडोब्याचा कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. बफरमध्ये पावसाच्या सवडीने सफारी चालते, पण गर्दी ओसरते. या काळात एखादं रिसॉर्ट ‘४० टक्के सूट’ घेऊन तीन महिने जाहिरात चालवतं. पाहणारा म्हणतो, सूट चालते! अरे, खोल्या रिकाम्या आहेत म्हणून ती सूट आहे. भरत असत्या तर पहिल्या पंधरवड्यात सूट निम्मी झाली असती. हंगाम नसताना टिकलेली सूट म्हणजे बहुधा अडचण असते, आणि तिची नक्कल करून तुम्ही ती अडचण आपल्या घरी आणता. तीच सूट एप्रिल-मे मध्ये दिसली तर गोष्ट आणखी गंभीर. पाणवठ्यांवर वाघ दिसण्याचे ते दिवस, खोली मिळत नाही म्हणून लोक फोन करतात, आणि हा तेव्हाही भाव पाडतोय.

ऑफर वाचताना दुसरी एक गोष्ट लक्षात घ्या. ‘सफारीसह पॅकेज’ असं लिहिलेलं असतं तेव्हा सफारीचं परवाना शुल्क व्याघ्र प्रकल्प ठरवतो, रिसॉर्ट नाही. त्यात कुणालाच सूट देता येत नाही. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं पॅकेज दोन हजारांनी स्वस्त दिसलं, तर ते दोन हजार खोलीतून किंवा जेवणातून गेलेत, नाहीतर सफारी कोअरची नसून बफरची आहे. जाहिरातीतली बारीक ओळ वाचा, बऱ्याचदा उत्तर तिथेच असतं.

मग मोजणाऱ्याचं शिकायचं कसं? भारतातली व्यापारी जाहिरात थांबली की या दालनातून नाहीशी होते. काय फसलं, हे तिथे कधीच दिसत नाही, फक्त जे चालू आहे ते दिसतं. म्हणून नोंद आपण ठेवायची. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. मी मंगळवार सांगतो, कारण त्या दिवशी ताडोब्याचा कोअर बंद असतो आणि रिसॉर्टवाल्याला जरा उसंत असते. चार-पाच प्रतिस्पर्धी घ्या, त्याहून जास्त नको. प्रत्येक जाहिरातीचा Library ID, सुरू झाल्याची तारीख, ऑफर काय, चित्र की व्हिडिओ, भाषा कोणती आणि बटण कुठे नेतं, एवढं वहीत उतरवा आणि स्क्रीनशॉट ठेवा. पुढच्या मंगळवारी नवं काय आलं त्यापेक्षा गेलं काय, ते आधी पाहा.

समजा, फेब्रुवारीअखेर एका रिसॉर्टने एकाच दिवशी पाच जाहिराती टाकल्या. ऑफर एकच: दोन रात्री, जेवण, एक सफारी. तिघींवर वाघाचा फोटो, त्यातल्या दोघींवर दर छापलेला. चौथी खोलीच्या फोटोची, पाचवी म्हणजे जिप्सीतून घेतलेला मोबाइलवरचा व्हिडिओ. एकाच दिवशी पाच, याचा अर्थ तो चाचणी घेतोय. आठवड्याने चार दिसल्या तर काही ठरवू नका. मेटाची यंत्रणाच सुरुवातीला एका-दोन जाहिरातींकडे बराचसा पैसा वळवते, त्यामुळे इतरांना पुरेशी संधीच मिळालेली नसते. तिसऱ्या आठवड्यात फक्त दर छापलेली एक आणि व्हिडिओ उरला, तर कान टवकारा. आणि एप्रिलच्या सुरुवातीला तोच व्हिडिओ नव्या क्रमांकाने, तेलुगू आवाजात आला, तर हा खरा पुरावा. त्याने खिशातून पुन्हा पैसे काढून तीच गोष्ट नव्याने बनवली. जुनी जाहिरात चालू ठेवायला काहीच करावं लागत नाही, पण नवी बनवायला कुणाला तरी बसून काम करावं लागतं. चार महिने जुन्या एका जाहिरातीपेक्षा, चार महिन्यांत चारदा नव्याने केलेली तीच ऑफर मला जास्त सांगते. गंमत म्हणजे तारखेवर विसंबणाऱ्याला इथे दिसतं की ‘ही तर आठच दिवसांपूर्वीची’, आणि तो ती सोडून देतो.

हा पुरावाही म्हणजे निकाल नव्हे. व्हिडिओमुळे फोन आले असतील, पण खोल्या भरल्या का हे तुम्हाला दिसत नाही. त्याचा माणूस फोनवर तेलुगू बोलतो आणि तुमचा बोलत नाही, तर तीच जाहिरात तुमच्याकडे पडेल. म्हणून थोड्या पैशांत स्वतः चालवून पाहायची आणि येणाऱ्या प्रत्येक फोनला ‘कुठून पाहिलं’ विचारून लिहून ठेवायचं.

उरलेले गैरसमज आता भराभर. ‘हे हेरगिरीत मोडतं’: नाही, दालन सगळ्यांसाठी आहे, बघायला फेसबुकचं खातंही लागत नाही. ‘आपण पाहिलं की त्याला कळतं’: कळत नाही, पण बटण दाबून त्याच्या वेबसाइटवर गेलात तर एक भेट त्याच्या हिशोबात धरली जाते, तेव्हा रोज रोज दाबू नका. ‘बूस्ट केलेली पोस्ट तिथे नसते’: असते. ‘प्रेक्षकांचे आकडे कुठेच मिळत नाहीत’: युरोपीय संघात दाखवलेल्या जाहिरातींचे मिळतात, तिथल्या कायद्यामुळे जाहिरात थांबल्यावरही वर्षभर, वय आणि ठिकाणासकट, जर्मन किंवा फ्रेंच पाहुणे आणणाऱ्या महागड्या लॉजचा अभ्यास करायचा असेल तर तो देश निवडून पाहा. ‘त्याचा वाघाचा फोटो उचलला तर काय होतं’: फोटो सहसा छायाचित्रकाराचा असतो आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्याला संरक्षण आहे, ‘दोन रात्री, एक सफारी’ या कल्पनेवर मात्र कुणाचा हक्क नाही.

आणि ‘फेसबुकवर नाही म्हणजे तो जाहिरात करतच नाही’ हेही चूक. गूगलवरच्या जाहिरातींचं वेगळं दालन २०२३ पासून आहे, adstransparency.google.com. तिथे जाहिरातदाराचं पडताळलेलं कायदेशीर नाव दिसतं, आणि ते पाटीवरच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं. रिसॉर्टच्या नावाने काही सापडलं नाही तर त्याच्या वेबसाइटचा पत्ता टाकून शोधा.