पोटातला दोरा आणि चौकटीचा कागद
(द्वितीय वर्ष, कला)

वसई-विरारकडच्या घरांत दाराला लावलेले क्रोशाचे तोरण पाहिले नाही असा वाचक विरळा. 'सुस्वागतम्' किंवा 'शुभ लाभ' अशी अक्षरे त्यात विणलेली असतात. ती जाळीच्या विणीत असतात. कागदावरचे घर काळे असेल तर जाळीचे घर भरायचे, पांढरे असेल तर रिकामे सोडायचे. रंग एकच, अक्षर दिसते ते भरीव आणि पोकळ यांच्या फरकाने. माझी आई अशी तोरणे विणून विकते. ती चौथीपर्यंत शिकलेली. कॉलेजात पाऊल टाकणारी आमच्या घरात मी पहिलीच, म्हणून कागदाचे म्हणजे नमुन्याचे काम आपोआप माझ्याकडे आले.

गेल्या दिवाळीआधी शेजारच्या काकूंनी मोबाइल ठेवायची पिशवी सांगितली. पांढऱ्या पिशवीवर लेकीच्या नावातला 'व' तांबड्या रंगात, सभोवार सहा वेळा हवा होता. जाळी चालणार नव्हती. पिशवी घट्ट हवी. काकूंनी शंभर रुपये आगाऊही दिले. तेव्हा मी टॅपेस्ट्री क्रोशा करायचे ठरवले.

या विणीत दोन रंगांचे दोरे एकाच वेळी चालतात. एकाने टाका घालायचा आणि दुसरा, जो त्या वेळी नको आहे तो, टाक्याच्या पोटात लपवून पुढे न्यायचा. कोलंबिया आणि व्हेनेझुएला यांच्या सीमेवरच्या ग्वाहिरा भागातील वायू जमातीच्या स्त्रिया 'मोचिला' नावाच्या पिशव्या अशाच विणतात. बुडापासून गोल गोल वर जायचे आणि नक्षी बाजूंवर उमटवायची.

टाका अगदी साधा, आपल्याकडे ज्याला मुका खांब म्हणतात तो. नको असलेला दोरा खालच्या ओळीच्या माथ्यावर आडवा ठेवावा. सुई त्या माथ्याखालून घालून धागा ओढून काढावा, म्हणजे सुईवर दोन फास होतात. मग आडव्या दोऱ्याच्या वरून धागा घेऊन दोन्ही फासांतून काढला की तो दोरा आत कोंडला जातो. मागच्या बाजूला दोरे लोंबत नाहीत, त्यामुळे आत बोट किंवा अंगठी अडकत नाही.

खरी गोम रंग बदलण्यात आहे. पहिला तांबडा टाका येण्याआधीचा जो पांढरा टाका, त्याचे शेवटचे ओढणे तांबड्या धाग्याने करायचे. म्हणजे सुईवर पांढऱ्याचे दोन फास असतानाच पांढरा सोडावा आणि तांबडा ओढून घ्यावा. कारण सुईवर शेवटी उरणारा फास हा पुढच्या टाक्याचा माथा असतो. टाका पूर्ण करून मग रंग बदलला तर तांबड्या टाक्याच्या डोक्यावर पांढरी टोपी बसते आणि अक्षराची कड दातेरी होते. असे दाते दिसले तर चूक येथेच आहे असे खुशाल समजावे.

आता कागद. सात घरे रुंद आणि आठ घरे उंच असा 'व' मी काढला. घरे डावीकडून मोजली तर सहावा उभा रकाना म्हणजे दांडा, सर्वांत वरची आडवी ओळ म्हणजे शिरोरेखा, आणि दुसऱ्या रकान्यापासून दांड्यापर्यंत पोट. विणकाम खालून वर चढते, म्हणून कागदाची पहिली ओळ सर्वांत खालची. उजव्या हाताने विणणाऱ्याचे काम उजवीकडून डावीकडे सरकते, म्हणून कागदही तसाच वाचायचा. पहिली ओळ: एक पांढरा, एक तांबडा, पाच पांढरे. दुसरी: एक पांढरा, चार तांबडे, दोन पांढरे. तिसरी, चौथी, पाचवी सारख्या: एक पांढरा, एक तांबडा, तीन पांढरे, एक तांबडा, एक पांढरा. सहावी दुसरीसारखी, सातवी पहिलीसारखी, आठवी सगळी तांबडी. एका अक्षराचे सात टाके, म्हणून सहा अक्षरांचे बेचाळीस.

मी शहाणपणा केला तो असा. गोल विणण्यापेक्षा सपाट पट्टी विणून ती दुमडून शिवणे सोपे, असे मला वाटले. दोन संध्याकाळी खपून आठ ओळी झाल्या. पाहते तर प्रत्येक 'व'चा दांडा दोन ठिकाणी तुटलेला! मी टाके मोजले, बेचाळीसच्या बेचाळीस. कागदाशी ताडून पाहिले, तरी आकडे बरोबर. शिरोरेखा अखंड होती, मधल्या ओळीही जागच्या जागी होत्या. बिघडल्या होत्या फक्त दुसरी आणि सहावी.

आईने पट्टी हातात घेतली, एकदा उलटली, आणि म्हणाली, "अगं बाय, तुकडा उलटलास, मग कागद नाही उलटलास?"

सपाट कामात ओळ संपली की तुकडा पलटतो. दुसरी ओळ आपण मागच्या बाजूने विणत असतो. समोरून पाहिले तर तिचा आरंभ डावीकडे पडतो. म्हणून सम ओळी कागदावर डावीकडून उजवीकडे वाचाव्या लागतात. मी सगळ्या एकाच दिशेने वाचल्या होत्या. मग दुसऱ्या ओळीतले चार तांबडे टाके तिसऱ्या ते सहाव्या घरात पडण्याऐवजी दुसऱ्या ते पाचव्यात पडले आणि दांड्याच्या जागी पांढरा आला. चौथी आणि आठवी ओळ दोन्हीकडून सारखीच वाचली जाते, म्हणून त्यांत चूक असूनही दिसली नाही. नक्षी शंकरपाळ्याची किंवा क्रुसाची असती तर ती कधीच उघडी पडली नसती. तोरणे पलटून पलटून विणणाऱ्या आईला हे मला तळ्या-पाढ्याने सांगता आले नसते, पण तिच्या हाताला ते ठाऊक होते.

पट्टी उसवली आणि मुकाट्याने गोल विणायला बसले. सहा टाक्यांपासून बूड सुरू केले, प्रत्येक फेरीत सहा वाढवले, सातव्या फेरीला बेचाळीस झाले. पुढे वाढ नाही. गोल कामात तुकडा पलटत नाही, म्हणून प्रत्येक फेरी उजवीकडूनच वाचायची. डावखुऱ्याने मात्र सगळ्या डावीकडून वाचाव्यात. फेरी कोठे सुरू झाली ते कळावे म्हणून तेथे हिरव्या दोऱ्याचा तुकडा अडकवला.

तरी एक दुखणे राहिलेच. पांढऱ्या टाक्यांच्या फटींतून आतला तांबडा डोकावून सगळी पिशवी गुलाबीसर दिसू लागली. मी आतला दोरा ओढून ताणला, तर कापड चुणले. ताणणे हा उपाय नव्हेच. आतला दोरा पाच-सहा टाक्यांनी जरा सरळ करावा, म्हणजे फास राहत नाही, आणि विणलेला भाग हाताने आडवा पसरून पाहावा. खरा उपाय सुई एक नंबर बारीक घेण्याचा. टाके दाट झाले की फटी बुजतात. थोडा तांबूसपणा तरी राहतोच. गडद दोरा पांढऱ्याच्या पोटात पूर्ण लपत नाही. आणि शिरोरेखेच्या फेरीत पांढऱ्याचे काही काम नसले तरी तोही आतून न्यावा, नाहीतर ती फेरी पातळ होऊन पिशवीला तेथे कंबर पडते.

माझे दहा टाके पाच सेंटिमीटर आणि दहा फेऱ्या साडेचार सेंटिमीटर भरल्या. त्यामुळे कागदावर उंच दिसणारा 'व' लोकरीत जवळजवळ चौरस झाला. शिवाय गोल कामात प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या किंचित उजवीकडे बसतो, म्हणून दांडे उजवीकडे कलले. मध्येच एक घर डावीकडे सरकवून पाहिले, तर दांड्याला पायरी पडली. ती उसवून कललेलाच 'व' ठेवला.

काकूंनी पिशवी आत हात घालून पाहिली, दोरा कोठे अडकत नाही ना याची खात्री केली आणि उरलेले पैसे दिले. कललेल्या दांड्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची लेक मात्र म्हणाली, "वाऱ्यात उभा आहे वाटतं."