पाऊस कुठे गेला?

दिवाळी अंकातल्या एका कथेसाठी चित्र हवं होतं. कथा कोकणातली. चुलीपुढे भाकरी थापत बसलेली आजी, उघडं दार आणि दारापलीकडे धो धो पाऊस. चित्रकाराला द्यायला ना पैसे उरले होते ना वेळ, म्हणून शब्दांवरून चित्र काढणारं स्टेबल डिफ्यूजन 1.5 मी घरच्या संगणकावर चालवलं आणि हौसेनं शंभरेक शब्दांचा प्रॉम्प्ट लिहिला. हिरवं लुगडं, लाल बांगड्या, निळं दार, पिवळा कंदील, सुरकुतलेला प्रेमळ चेहरा, धूर, पितळी तांब्या, कोपऱ्यात मांजर. शैली म्हणाल तर जलरंग, तैलरंग आणि लाकडी ठशाची छपाई, तिन्ही. शिवाय सगळे लिहितात म्हणून `masterpiece, best quality, 8k` ही शेपटी मध्येच कुठेतरी. पाऊस अगदी शेवटी लिहिला, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा.

चार चित्रं आली. चारही तुकतुकीत आणि चारही एकमेकांसारखी. आजीच्या जागी चाळिशीची गोरी बाई, बांगड्या हिरव्या, दार लालसर, मांजर बेपत्ता. पाऊस एकातही नाही. संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ताई, ही बाई कुठल्या गावची हो?"

पावसाचं उत्तर सोपं होतं. प्रॉम्प्ट वाचण्यासाठी या साधनात क्लिप नावाचं प्रारूप बसवलेलं असतं. ते शब्दांचे तुकडे करून वाचतं. या तुकड्यांना टोकन म्हणतात. एका वेळी 77 टोकन मावतात. त्यातली सुरुवातीची आणि शेवटची खूण वजा केली की आपल्या वाट्याला 75 उरतात. नेहमीचा इंग्रजी शब्द बहुधा एका टोकनात बसतो, पण स्वल्पविरामही एक टोकन खातो. माझी यादी स्वल्पविरामांनीच भरलेली होती. पाऊस 75 च्या पलीकडे पडला आणि कापला गेला. काही प्रोग्रॅम लांब मजकूर 75-75 च्या तुकड्यांत वाचून पुढे जोडतात, पण मी वापरत होते तो त्यातला नव्हता. (मराठीत लिहून पाहायचा मोह मलाही झाला होता. पण या प्रारूपाचा शब्दसाठा इंग्रजीवर बेतलेला आहे. देवनागरी अक्षरांचा तिथे भुगा होतो, आणि छोटंसं वाक्यही टोकन संपवून टाकतं.)

मी प्रॉम्प्ट छाटून 75 मध्ये बसवला. पाऊस आला, पण धुक्यासारखा, आणि बाई तीच राहिली. म्हणजे दुखणं नुसतं लांबीचं नव्हतं.

हे साधन चित्र काढतं म्हणजे आधी नुसता ठिपक्यांचा कचरा घेतं आणि वीस-तीस पायऱ्यांत तो साफ करत जातं. आत चित्राची 64 बाय 64 चौकटींची एक छोटी जाळी असते. प्रत्येक पायरीला प्रत्येक चौकट सगळ्या शब्दांकडे बघते आणि कोणाचं किती ऐकायचं ते ठरवते. या वाटणीची बेरीज नेहमी एकच असते. रुपया एक, सोळा आणे. दहा शब्द असले तर दारातल्या चौकटीला पावसासाठी भरघोस वाटा काढता येतो. सत्तर झाले की तोच रुपया सत्तरांत फुटतो. सगळ्यांना सारखा वाटा मिळतो असं नाही. ज्या शब्दाची ओढ जास्त तो अधिक घेतो, मांजरासारखे दुबळे शब्द हात हलवत परत जातात.

रंगांची अदलाबदल आणखी आधीच होते. क्लिप प्रत्येक शब्द वाचताना त्याच्या आधीच्या शब्दांचा रंग त्यात मिसळतं. एकच हिरवं लुगडं असलं तर हिरवा कोणाचा याला संशय नाही. मी एका दमात चार वस्तू आणि चार रंग सांगितले, तेव्हा कोणता रंग कोणाचा ही गाठ सुटली. शैलीचंही तेच झालं. जलरंग, तैलरंग आणि ठसा यातलं एक निवडा असं साधनाला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं तिघांच्या मधलं काहीतरी काढलं, आणि ते कुठल्याच कागदावर सापडणार नाही.

मला सगळ्यात महागात पडली ती मात्र कौतुकाची शेपटी. `masterpiece` हा शब्द चित्रात काय आहे ते सांगत नाही. जालावरच्या ज्या असंख्य चकचकीत चित्रांखाली असे शब्द असतात, त्यांच्या सरासरीकडे तो चित्राला ओढतो. त्या सरासरीत सुरकुत्या फारशा नाहीत. आजी तरुण झाली ती बहुधा तिथेच. क्लिप शिकलं तेही जालावरच्या 40 कोटी चित्र-ओळींच्या जोड्यांवर, आणि चित्रांखालच्या ओळी सहसा छोट्याच असतात. 2024 मध्ये संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं, की 77 ची जागा असली तरी क्लिप नीट ऐकतं ते जेमतेम पहिल्या विसेक टोकनांचं.

मग मी उलटीकडून सुरुवात केली. साधनात बीज नावाचा एक आकडा असतो. तो तोच ठेवला की ठिपक्यांचा पहिला कचराही तोच येतो, म्हणून शब्द बदलल्यानं काय बदललं ते दिसतं. मी चार बीजं पक्की केली आणि एकेक शब्दगट काढत गेले. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: हा गट गेल्यावर त्याची वस्तू चारही चित्रांत जशीच्या तशी राहिली का? कंदील काढला तरी पिवळा उजेड राहिला, कारण चूल होतीच. धूर काढला तरी धूर राहिला. `kind` काढला आणि चेहऱ्यावर वय उतरलं. शेवटी एवढंच उरलं:

```
woodcut, very old woman cooking at a clay stove, heavy rain through open door
```

चारपैकी तीन चित्रांत दाराबाहेर काळ्या रेघांचा पाऊस होता. आजी आजीच होती.

पण आखूड ते चांगलं असा सरसकट नियम काढता येत नाही, हे लुगड्यानं शिकवलं. `sari` लिहिलं की पाचवारीच येई. `nauvari` लिहून फरक पडला नाही. कासोटा हवा तर साडी दोन पायांमधून मागे खोचलेली आहे असं सहा-सात शब्दांत सांगावं लागलं, आणि ते शब्द कामी आले. जे साधन आपण होऊन काढणारच नाही, तिथे शब्द खर्चावेत. चुलीशेजारी धूर ते काढणारच होतं.

नव्या साधनांचं गणित वेगळं आहे. 2023 च्या डॅल-ई 3 ला मुद्दाम लांब, तपशीलवार वर्णनांवर शिकवलं होतं. स्टेबल डिफ्यूजन 3 मध्ये क्लिपच्या जोडीला टी-फाइव्ह हे लांब वाक्यं समजणारं प्रारूप आहे. तिथे मांजर डावीकडे, तांब्या उजवीकडे असं पूर्ण वाक्यात लिहिलं तर बरंचसं ऐकलं जातं. शैली तिथेही तीन सांगू नयेत.

बांगड्या मात्र मला हव्याच होत्या. त्या प्रॉम्प्टमध्ये परत घातल्या तर ठशाची काळी-पांढरी शिस्त मोडून दारही तांबूस व्हायला लागलं. म्हणून तयार चित्रात फक्त मनगटांचा भाग निवडला आणि तेवढाच पुन्हा काढायला सांगितला, `red bangles` या दोन शब्दांवर. तिसऱ्या खेपेला नीट जमल्या. पान छपाईला जाताना संपादकांनी पुन्हा चष्मा वर केला. "आता ही आपल्याकडची वाटते. पण ताई, चुलीचं तोंड भिंतीकडे आहे, ही लाकडं कुठून सारते?"

मी प्रॉम्प्टला हात लावला नाही. कागदावरच काळ्या शाईनं चुलीला दुसरं तोंड काढलं.