वजाबाकीचं चिन्ह येतं कुठून?

महाराष्ट्राच्या दहावीच्या बीजगणितात दोन समीकरणं सोडवण्याची क्रेमरची पद्धत येते आणि तिच्यासोबत निश्चयक येतो. दोन उभ्या रेघांमध्ये चार संख्या मांडायच्या, एका तिरक्या जोडीचा गुणाकार करायचा आणि त्यातून दुसऱ्या तिरक्या जोडीचा गुणाकार वजा करायचा: ad − bc. विद्यार्थी हे पाठ करतात, उत्तर बरोबर येतं, पुढचं उदाहरण सुरू होतं. वजाच का करायचं, हे विचारायचं राहून जातं. पुढे तीन ओळींचा निश्चयक आला की सहा गुणाकार दिसतात, त्यांतले तीन अधिक आणि तीन वजा. तेव्हा मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. कुठल्या गुणाकाराला कुठलं चिन्ह, हे कोण ठरवतं?

या प्रश्नाला सव्वातीनशे वर्षांचा इतिहास आहे. १६९३ साली जर्मन गणिती लाइबनिट्झ याने फ्रान्समधल्या लोपिताल याला पाठवलेल्या पत्रात तीन समीकरणं मांडली होती. त्याने सहगुणकांना अक्षरं न देता दोन-दोन अंकांची नावं दिली. त्याच्या लेखी २१ म्हणजे एकवीस नव्हेत. पहिला अंक समीकरण कितवं ते सांगतो आणि दुसरा अंक सहगुणक कुठल्या चलाचा ते. आज मॅट्रिक्समधल्या जागा ओळ आणि स्तंभ सांगून दाखवतात, ती हीच रीत. अशी नावं दिली की प्रत्येक गुणाकाराची घडण नुसती वाचून कळते, आणि चिन्हाचं गुपितही त्या अंकांतच दडलेलं असतं. १७५० साली गाब्रिएल क्रेमर याने ते गुपित नियम म्हणून सांगितलं.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊन पाहू.

२  ३  १
४  १  ५
३  २  ६

प्रत्येक ओळीतून एकच संख्या निवडायची, पण कुठलाही स्तंभ दोनदा वापरायचा नाही. पहिल्या ओळीतून दुसऱ्या स्तंभातला ३ घेतला, तर दुसऱ्या ओळीत पहिला आणि तिसरा स्तंभ उरतो. तिथे तिसऱ्या स्तंभातला ५ घेतला, तर शेवटच्या ओळीत पहिल्या स्तंभातला ३ घेण्यावाचून गत्यंतर नाही. गुणाकार झाला ३ × ५ × ३ = ४५. या निवडीत स्तंभांचा क्रम लागला २, ३, १. म्हणजे प्रत्येक निवड ही १, २, ३ या अंकांची एकेक मांडणी आहे. गणिती तिला क्रमचय म्हणतात. तीन अंकांच्या मांडण्या सहाच होतात, म्हणून गुणाकारही सहाच.

आता चिन्ह. मांडणीतली अंकांची प्रत्येक जोडी तपासायची. मोठा अंक लहान अंकाच्या आधी आला असेल, तर ती उलटी जोडी. अशा उलट्या जोड्या सम असतील तर अधिक, विषम असतील तर वजा. २३१ मध्ये २ हा १ च्या आधी आहे आणि ३ सुद्धा १ च्या आधी आहे. २ आणि ३ मात्र आपापल्या क्रमाने आहेत. उलट्या जोड्या दोन, म्हणून ४५ ला अधिक चिन्ह.

उरलेल्या पाच मांडण्याही अशाच तपासता येतात. १२३ मध्ये एकही जोडी उलटी नाही, म्हणून २ × १ × ६ = १२ अधिक. ३१२ मध्ये ३ हा दोघांच्याही आधी आला, उलट्या जोड्या दोन, म्हणून १ × ४ × २ = ८ अधिक. १३२ मध्ये एकच जोडी उलटी: २ × ५ × २ = २० वजा. २१३ मध्येही एकच: ३ × ४ × ६ = ७२ वजा. ३२१ मध्ये तिन्ही जोड्या उलट्या: १ × १ × ३ = ३ वजा. अधिकवाले १२, ४५ आणि ८ मिळून ६५. वजावाले २०, ७२ आणि ३ मिळून ९५. निश्चयक झाला ६५ − ९५ = −३०. दहावीतल्या दोन ओळींच्या निश्चयकात १२ आणि २१ या दोनच मांडण्या असतात आणि २१ मध्ये एक जोडी उलटी असते. bc च्या आधीचं वजा तिथून आलं.

पण नियम सांगितला म्हणजे कारण कळलं असं नाही. नियम असाच का, ते पाहायला वरच्या मॅट्रिक्सची तिसरी ओळ पुसून तिथे पहिलीच ओळ पुन्हा लिहावी: २, ३, १. समीकरणांच्या भाषेत, एकच अट दोनदा सांगितल्यासारखं झालं. अशा समीकरणांना एकमेव उत्तर मिळूच शकत नाही, म्हणून निश्चयक शून्य यायला हवा. सहा गुणाकार करून पाहिले तर १२३ चा येतो २ आणि ३२१ चाही २. १३२ चा ३० आणि २३१ चाही ३०. २१३ चा १२ आणि ३१२ चाही १२. सगळे जोडीजोडीने सारखे. प्रत्येक जोडीत एक अधिक आणि एक वजा असेल, तरच ते एकमेकांना खोडतील. आणि तसंच घडतं, कारण या जोड्यांमध्ये पहिल्या आणि शेवटच्या अंकाची अदलाबदल झालेली आहे, आणि कुठल्याही दोन अंकांची अदलाबदल केली की सम-विषम पालटतं.

ते का, हेही समजण्यासारखं आहे. शेजारच्या दोन अंकांची जागा बदलली, तर फक्त त्या दोघांची जोडी उलटते किंवा सुलटते. बाकी कुठल्याही जोडीला धक्का लागत नाही. म्हणजे मोजणी नेमकी एकाने बदलते. दूरच्या दोन अंकांची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलींनी करायची झाली, तर पावलं नेहमी विषम लागतात. १२३ चं ३२१ करायला १२३, २१३, २३१, ३२१ अशी तीन. विषम पावलं, म्हणून चिन्ह पालटलंच.

वर्गात तीन ओळींसाठी एक सोपी युक्ती शिकवतात. पहिले दोन स्तंभ उजवीकडे पुन्हा लिहायचे, उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेषांना अधिक, डावीकडे उतरणाऱ्यांना वजा. फ्रेंच गणिती सार्यूसच्या नावाने ती ओळखली जाते आणि तीन ओळींना ती अचूक आहे. घात होतो चार ओळींना. तिथे मांडण्या चोवीस असतात आणि तिरक्या रेषा मिळतात फक्त आठ. सोळा गुणाकार हातातून निसटतात. त्याहून वाईट म्हणजे, जे आठ मिळतात त्यांचीही चिन्हं भरवशाची नसतात. ४३२१ या रेषेला युक्ती वजा देते, पण तिच्यात सहाही जोड्या उलट्या आहेत, म्हणून चिन्ह हवं अधिक.

शंका वाटली तर ही मॅट्रिक्स तपासावी:

०  १  ०  ०
०  ०  १  ०
०  ०  ०  १
१  ०  ०  ०

शून्य टाळून जाणारी मांडणी एकच, २३४१. युक्तीप्रमाणे उत्तर १ येतं. उलट्या जोड्या मोजल्या तर २, ३ आणि ४ हे तिघेही १ च्या आधी आहेत. म्हणजे तीन, विषम, आणि निश्चयक −१. पडताळा ओळी बदलूनही घेता येतो. शेवटची ओळ एकेक पायरी वर नेत पहिल्या जागी आणली, की सगळे १ मुख्य कर्णावर बसतात आणि निश्चयक १ होतो. त्यासाठी तीन अदलाबदली लागल्या, प्रत्येकीने चिन्ह पालटलं, म्हणून मूळ निश्चयक −१ च.