अर्जाआधी स्वतःला शोधून पाहा

२ जून २०२१. लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध ऑली रॉबिन्सन इंग्लंडकडून पहिलाच कसोटी सामना खेळत होता. दोन बळीही मिळाले होते. नेमकी त्याच दिवशी त्याची २०१२-१३ मधली वर्णद्वेषी आणि स्त्रियांना हिणवणारी ट्विट्स जगभर फिरू लागली. ती लिहिली तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता. संध्याकाळी त्याने जाहीर माफी मागितली. सामन्यात एकूण सात बळी घेऊनही मंडळाने त्याला चौकशीसाठी निलंबित केले आणि पुढची कसोटी हुकली.

ती ट्विट्स कुणी चोरून मिळवलेली नव्हती. आठ-नऊ वर्षे ती उघड्यावरच पडून होती, लिहिणाऱ्याला त्यांचा विसर पडला होता एवढेच.

नोकरी शोधणाऱ्या साध्या उमेदवाराचे बहुतेक वेळा असेच होते. काल टाकलेली पोस्ट त्याच्या लक्षात असते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी भांडणात लिहिलेली कॉमेंट नसते. शिवाय तो आपली प्रोफाइल स्वतःच्या खात्यातून पाहतो, तर एचआरवाला पाहतो बाहेरून. दोघांना दिसणारे चित्र वेगळे असते.

समजा, नाशिकची एक बी.कॉम. झालेली मुलगी पुण्यातल्या एका वित्त कंपनीत अर्ज करणार आहे. तिने आधी सगळ्या खात्यांतून लॉग आउट व्हावे किंवा ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडावी. मग गूगलमध्ये अवतरणचिन्हांत पूर्ण नाव आणि त्यापुढे कॉलेजचे किंवा गावाचे नाव टाकावे. त्यानंतर आपला नेहमीचा युजरनेम शोधावा. ही पायरी बरेच जण विसरतात. बारावीत घेतलेला तोच युजरनेम पाच ठिकाणी वापरलेला असतो आणि ‘टोपणनावाने’ केलेली शेरेबाजी त्या धाग्याने थेट खऱ्या नावापर्यंत पोचते.

या शोधात तिला कॉलेजच्या ट्रिपचे फोटो सापडतील. त्यांची फारशी काळजी नको. गोव्याच्या किनाऱ्यावर हातात बिअरचा ग्लास असलेल्या फोटोपेक्षा दुसरीच गोष्ट तिला महागात पडू शकते. करसल्लागाराच्या ज्या ऑफिसात तिने उमेदवारी केली, त्याला गूगल मॅप्सवर तिने रागाच्या भरात एक तारा दिला होता आणि कुठल्या व्यापाऱ्याचे रिटर्न कसे लटकले तेही लिहून टाकले होते. मॅप्सवरचे अभिप्राय नावानिशी सर्वांना दिसतात. लोकांच्या पैशांची कागदपत्रे हाताळण्यासाठी माणूस नेमणारा हे वाचून काय विचार करेल? जुन्या साहेबाला शिव्या, ग्राहकाची गुपिते, जातीधर्मावरून गरळ आणि बायोडेटाशी न जुळणाऱ्या तारखा, आधी शोधायचे ते हेच.

एक्सवर जुने शोधायला खाली स्क्रोल करत बसू नये. तिथल्या सर्चमध्ये असे लिहावे, username च्या जागी आपले नाव:

```
from:username until:2019-12-31
```

यात दुसऱ्यांना दिलेली उत्तरेही येतात, आणि तोल सुटतो तो बहुधा उत्तरांतच. फेसबुकच्या सेटिंगमध्ये Limit Past Posts हा पर्याय आहे. तो वापरला की जुन्या सार्वजनिक पोस्ट एका फटक्यात फक्त मित्रांपुरत्या होतात. मात्र दुसऱ्याने टॅग केलेला फोटो त्याच्या भिंतीवर तसाच राहतो. टॅग काढला तर नाव निघते, फोटो नाही; त्यासाठी मित्रालाच गळ घालावी लागते.

आपण सार्वजनिक केलेले कंपनीने पाहिले तर कायदा आडवा येईल, अशी आशाही धरू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती वगळलेली आहे.

पण सगळेच पुसून टाकण्याचा उत्साह नको. लेखापालाच्या जागेसाठी जीएसटीवर लिहिलेली चार बरी उत्तरे हा उमेदवाराच्या बाजूचाच पुरावा असतो. राजकीय मत सभ्य शब्दांत मांडले असेल तर ते ठेवायचे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. मत असणे आणि शिवी देणे यांत फरक आहे. नाव फार प्रचलित असेल तर वेगळीच अडचण. एखाद्या नामबंधूचे प्रताप आपल्या खाती जमा होऊ शकतात. म्हणून बायोडेटात स्वतःच्या लिंक्डइन प्रोफाइलची लिंक द्यावी आणि त्या प्रोफाइलवर ओळखू येईल असा फोटो ठेवावा.

हे काम अर्जाच्या आदल्या रात्री उरकत नाही. पोस्ट काढली तरी गूगलच्या निकालात तिचा तुकडा काही काळ दिसत राहतो. गूगलच्या Refresh Outdated Content या पानावर तो पत्ता देऊन विनंती करता येते, पण तिलाही वेळ लागतो. दोन-तीन आठवडे हाताशी ठेवावेत आणि अर्ज पाठवण्याआधी पुन्हा एकदा इनकॉग्निटो खिडकीतून तोच शोध घ्यावा.