माहिती चौकट : अत्तराची बाटली, विमान आणि गळती

१०० मिली म्हणजे बाटली, आतला ऐवज नव्हे : मुळशीहून लोहगाव विमानतळाकडे निघताना १२५ मिलीच्या बाटलीत ३० मिलीच परफ्यूम उरले असले, तरी आंतरराष्ट्रीय प्रवासात ती हातातल्या बॅगेतून नेता येत नाही. बाटलीवर छापलेली क्षमताच पाहतात. १०० मिलीपर्यंतच्या सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत मावायला हव्यात. चेक-इन बॅगेत एक बाटली ५०० मिलीपर्यंत चालते. मात्र प्रसाधने, स्प्रे मिळून माणशी दोन लिटरच.

गळते का? : उडत्या विमानात हवेचा दाब साधारण दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या इतका उतरतो. बाटलीतली हवा फुगते आणि परफ्यूमला नळीतून वर ढकलते. म्हणून परफ्यूम छोट्या स्प्रे-बाटलीत काढून नेताना ती काठोकाठ भरू नका. मात्र अर्धी रिकामीही ठेवू नका, कारण फुगायला हवाच जास्त उरते. पाचपैकी चार भाग भरा.

भरायचे कसे? : मूळ बाटलीचे वरचे बटण सरळ ओढून काढा. उघड्या पडलेल्या नळीवर छोट्या बाटलीच्या बुडाचे भोक टेकवून वर-खाली दाबा. परफ्यूममध्ये अल्कोहोल असते, तेव्हा गॅस-निरांजनापासून दूर बसा. बाटली काचेची किंवा ॲल्युमिनियमची घ्या. हलके प्लॅस्टिक धुरकट होऊन तडकते. तेलकट अत्तर स्प्रेमधून नीट उडत नाही, त्याला रोल-ऑनच बरे.

चाचणी : भरलेली बाटली रात्रभर टिश्यूवर आडवी ठेवा. सकाळी टिश्यूला वास आला, तर ती घरीच राहू द्या.