मागे पडणाऱ्या लहरीचा हिशेब

नियंत्रणशास्त्रात ज्या यंत्राला काबूत ठेवायचे असते त्याला ‘प्लांट’ म्हणतात, मग ती कारखान्यातली भट्टी असो की मुठीत मावणारी डीसी मोटार. मोटारीला दिलेले व्होल्टेज हे इनपुट, आसाचा वेग हे आउटपुट आणि या दोहोंतले नाते सांगणारे सूत्र म्हणजे ट्रान्सफर फंक्शन. माहितीपत्रकातल्या आकड्यांवरून ते मांडता येते. पण आसावर बसवलेली चकती, बेअरिंगचे घर्षण आणि वेग मोजणारी यंत्रणा त्या कागदावर नसते. म्हणून प्रत्यक्ष जोडणीच तपासावी लागते. रेषीय व्यवस्थेत साइन लहर सोडली की स्थिरावल्यावर त्याच वारंवारतेची साइन लहर बाहेर येते. फक्त तिची उंची बदलते आणि ती मागे पडते. उंचीचे गुणोत्तर म्हणजे गेन, मागे पडण्याचा कोन म्हणजे फेज.

उदाहरणादाखल 12 व्होल्टची एक मोटार घेता येईल. तिच्या आसावरचा एन्कोडर एका फेऱ्यात 2000 स्पंद देतो. संगणक दर 5 मिलिसेकंदांनी स्पंद मोजून वेग काढतो आणि नवे व्होल्टेज देतो. साइन लहर शून्याभोवती सोडणे ही इथली नेहमीची चूक. दिशा बदलताना स्थिर घर्षणामुळे आस क्षणभर अडतो, वेगाच्या लहरीचा मधला भाग सपाट होतो आणि रेषीयतेचे गृहीतकच कोसळते. म्हणून 6 व्होल्टचा कायम दाब ठेवून त्यावर 2 व्होल्ट वर-खाली होणारी लहर चढवतात. मोटार एकाच दिशेने, सेकंदाला सुमारे 120 रेडियनच्या आसपास फिरत राहते.

वारंवारता 0.2 हर्ट्झपासून 20 हर्ट्झपर्यंत पायरीपायरीने वाढवली जाते. प्रत्येक पायरीवर सुरुवातीचा निदान अर्धा सेकंद सोडून द्यावा, कारण तेवढ्यात मोटार जुन्या लहरीतून सावरत असते. पुढची वेगाची नोंद त्याच वारंवारतेच्या साइनने आणि कोसाइनने गुणून सरासरी काढली की गेन आणि फेज मिळतात. इतर वारंवारतांचा गोंगाट या सरासरीत बहुतांशी विरतो. मात्र नोंद पूर्ण आवर्तनांचीच हवी. अर्धे आवर्तन जास्त घेतले, तर 120 चा कायम वेग उत्तरात झिरपतो, आणि 20 हर्ट्झला जिथे लहरच जेमतेम 6 रेडियनची असते तिथे सगळे मोजमाप बुडते. पायऱ्यांऐवजी वारंवारता सलग वाढवली तर वेळ वाचतो, पण घाई झाली की वक्र सरकतो. चढत्या आणि उतरत्या फेरीचे वक्र जुळले नाहीत, तर घाई झाली असे समजावे.

या मोटारीत 0.2 हर्ट्झला दर व्होल्टमागे वेग 20 रेडियनने बदलतो. 3.2 हर्ट्झला हा गेन 14 वर येतो, म्हणजे साधारण 0.7 पट. पहिल्या क्रमाच्या व्यवस्थेची ही ओळखीची खूण असून तिच्यावरून कालस्थिरांक 0.05 सेकंद निघतो. 20 हर्ट्झला गेन 3 उरतो. इथवर सारे सुरळीत आहे. पण फेज पाहिली की गोम कळते. पहिल्या क्रमाची व्यवस्था 90 अंशांहून जास्त मागे पडूच शकत नाही, आणि इथे 20 हर्ट्झला लहर 117 अंश मागे आहे. कालस्थिरांकाच्या वाट्याचे 81 अंश वजा केले की 36 उरतात. 20 हर्ट्झचे एक आवर्तन 50 मिलिसेकंदांचे, त्याचा दहावा भाग 5 मिलिसेकंद. ही दिरंगाई मोटारीची नव्हेच: वेग ही 5 मिलिसेकंदांची सरासरी असल्याने निम्मी तिथली, आणि दिलेले व्होल्टेज पुढच्या नोंदीपर्यंत तसेच राहत असल्याने निम्मी तिथली.

त्या 36 अंशांसाठी दुसरा कालस्थिरांक घालण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास 20 हर्ट्झचा गेन सुमारे अडीचवर घसरेल, आणि मोजलेला तर 3 आहे. दिरंगाई फेज खाते, गेनला हात लावत नाही. म्हणून सूत्र असे ठरते:

G(s) = 20 e^(−0.005s) / (0.05s + 1)

आकडे हाताने न काढता सगळ्या बिंदूंवरून एकदम बसवायचे, तर अडचण अशी की कालस्थिरांक छेदात असतो. लेव्ही यांनी 1959 मध्ये दोन्ही बाजू छेदाने गुणून समीकरण सरळ केले. त्याची किंमत म्हणजे 20 हर्ट्झच्या बिंदूची त्रुटी सहापट मोठी धरली जाते, आणि नेमका तोच बिंदू सर्वांत गढूळ असतो. एन्कोडरचा एक स्पंद म्हणजे 0.6 रेडियनचा फरक, तर लहर फक्त 6 ची. सनाथनन आणि कोर्नर यांच्या 1963 च्या पद्धतीत आधीच्या फेरीतल्या छेदाने भागून हिशेब पुन्हा केला जातो. काही फेऱ्यांत हे झुकते माप निघून जाते.

शेवटी लहर 2 ऐवजी 1 व्होल्टची करून काही बिंदू पुन्हा मोजतात. गेन तोच आला तर 6 व्होल्टच्या आसपास सूत्र विश्वासार्ह आहे. अर्ध्या व्होल्टवर रखडत फिरणाऱ्या मोटारीला ते लागू पडत नाही. तिथे घर्षणाचेच राज्य असते.