शून्यापासून सुरुवात, पण आकडे गेल्या वर्षाचेच

1962 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने एक धाडस केले. गेल्या वर्षी किती पैसे मिळाले ते बघायचेच नाही. प्रत्येक योजनेने आपली मुळात गरज काय, इथून मांडणी करायची. अधिकारी कित्येक आठवडे कागद रंगवत बसले. पुढे ॲरन विल्डावस्की आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्यांनाच गाठून विचारले, की यातून बदलले काय? नाव घेण्यासारखे फारच थोडे निघाले.

आळस हे त्याचे कारण नव्हते. शेतमालाच्या आधारभावासारखे मोठे खर्च कायद्यानेच बांधलेले होते. कायदा न बदलता तिथे शून्य लिहिण्यात अर्थ नव्हता. उरलेल्या योजनांवर आधीच्या वर्षांत भांडून तडजोडी झाल्या होत्या आणि त्या उकरून काढायची कुणाला हौस नव्हती. शिवाय धरण, शाळा आणि लसीकरण यांची एकाच मापाने तुलना करणार कशी? चार्ल्स लिंडब्लॉम यांनी 1959 मध्येच म्हटले होते, की धोरणकर्ते सगळे पर्याय तोलत नाहीत, आहे त्यात थोडा फेरफार करून पुढे जातात.

महाराष्ट्रानेही 1986 मध्ये शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला होता. तरीही आज अंदाजपत्रकाचे कुठलेही पान उघडले, की मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि मग पुढच्या वर्षाचा आकडा असे रकाने ओळीने भेटतात. शेवटचा आकडा आधीच्या तिघांकडे बघूनच भरला जातो. समजा, एका कार्यालयाला दहा कोटी मिळाले आणि खर्च झाले सात. सुधारित अंदाज खाली येतो आणि पुढच्या वर्षी बोलणी सातापासून सुरू होतात. मार्चअखेर कोषागारात बिलांची झुंबड का उडते, ते यावरून कळावे. पैसे वाचवणाऱ्याला शिक्षा देणारी ही पद्धत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्यातच वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज यांना हात लावता येत नाही. मंत्र्यांना खरोखर हलवता येतो तो त्यानंतर उरलेला भाग, आणि त्यातही अर्धवट पूल व चालू शिष्यवृत्त्या वाटेकरी असतात.

कधीकधी मात्र मोठी उडी बसते. जून 2024 च्या अर्थसंकल्पात 'लाडकी बहीण' योजना आली: पात्र महिलांना महिना 1500 रुपये आणि वर्षाला सुमारे 46,000 कोटींचा अंदाज. निवडणूक तोंडावर असताना पायरी-पायरीने चढायला कुणाला वेळ होता? पण 2025-26 मध्ये 36,000 कोटींची तरतूद झाली तेव्हा योजना असावी की नसावी हा प्रश्न मागे पडला होता. वाद उरला होता तो अपात्र नावे किती गळणार आणि 1500 चे 2100 कधी होणार, याचा.